निफ्टी फ्युचर: नोव्हेंबर-डिसेंबर 2025 चा स्प्रेड अचानक एवढा रुंद का झालाय?

वरणभात
मंडळी, निफ्टी फ्युचरच्या चालू आणि पुढच्या महिन्यातला फरक मी एक्सेलमधे लिहून ठेवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा फरक रोलओव्हरच्या आठवड्यात साधारण 118 होता, आता नोव्हेंबर-डिसेंबरचा 150 च्या आसपास दिसतोय (आकडे राउंड केलेत). निफ्टी तेव्हा 25800, आता 26000, म्हणजे फार हललेला नाही. रेपोही तोच, साडेपाच टक्के. मग हे 32 पॉइंट आले कुठून? मला वाटतं स्प्रेड उगाच ताणला गेलाय, म्हणून डिसेंबर विकायचा, नोव्हेंबर घ्यायचा आणि फरक 120 ला आला की दोन्ही बंद. एका लॉटला 75 गुणिले 30 म्हणजे सव्वादोन हजार सुटतात, आणि मार्केट वर जावो की खाली, दोन्ही बाजू असल्यामुळे रिस्क जवळजवळ नाहीच. यात काय दिसत नाहीये मला?

थीटावाली
उलटं करताय तुम्ही. कॅलेंडरमधे जवळचा विकायचा आणि लांबचा घ्यायचा असतो, जवळच्याचा थीटा वेगाने जळतो तो आपल्या खिशात. आणि व्हिक्स खाली असताना तर लांबचा घेणं अजून चांगलं. मी दर महिन्याला एटीएम कॉलमधे करते.

वरणभात
ताई, मी ऑप्शनचं नाही विचारत आहे, फ्युचरचं आहे. फ्युचरला कसला थीटा?

थीटावाली
अच्छा फ्युचर. मग वाचते फक्त.

तेजीमंदी
सोप्पं आहे. स्प्रेड रुंद म्हणजे मोठे लोक पुढच्या महिन्यात लाँग करतायत, तेजीचा सिग्नल. आणि थीटा नसला तरी प्रीमियम वितळतोच ना फ्युचरचा, एक्सपायरी जवळ आली की फ्युचर स्पॉटला येऊन मिळतो. त्यामुळे 150 चा फरक एक्सपायरीपर्यंत आपोआप कमी होत जाणार. तुमचा ट्रेड बरोबर आहे, मी पण बघतोय.

फोर्टमधला
वरणभात, ट्रेड टाकायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. ऑक्टोबरची एक्सपायरी 28 ऑक्टोबर, नोव्हेंबरची 25 नोव्हेंबर, मधे 28 दिवस. डिसेंबरची 30 डिसेंबर, म्हणजे 25 नोव्हेंबरपासून 35 दिवस. महिन्याचा शेवटचा मंगळवार धरला की कधी चार आठवडे येतात कधी पाच, आणि पाच आठवड्यांचा स्प्रेड चार आठवड्यांच्या सव्वापट असायलाच हवा. तुमचे 118 सव्वापट करा, 147 आणि काहीतरी येतात. वरचे दोन-अडीच पॉइंट निफ्टी 200 ने वर आहे त्याचे आणि थोडे इकडचे तिकडचे.

पॉइंटमधे बघितलंत की असंच फसायला होतं. एक्सेलमधे आणखी एक कॉलम टाका. A मधे चालू महिन्याचा भाव, B मधे पुढच्याचा, C मधे दोन एक्सपायरींमधले दिवस:

```
=(B2-A2)/A2*365/C2*100
```

हा वर्षाचा टक्का येईल. मागच्या महिन्याचा तुमचा आकडा टाकला तर 5.96 येतो, आत्ताचा टाकला तर 6.02. काहीही ताणलेलं नाहीये, दोन्हीकडे बाजार सहा टक्क्यालाच पैसे देतोय. तुम्ही जो 120 ला येईल म्हणताय तो वर्षाचा 4.8 टक्के होतो, तिथे यायला काहीतरी वेगळं घडावं लागेल.

वरणभात
अरेच्चा. म्हणजे मी पाच आठवड्याचं भाडं चार आठवड्याच्या भाड्याशी ताडून बघत होतो. पण मग सप्टेंबरला पण माझ्याकडे एक विचित्र आकडा आहे, ऑगस्ट-सप्टेंबर जरा जास्तच होता, तिथे चार आठवडे नव्हते आणि पाचही नव्हते बहुतेक.

फोर्टमधला
हो, तो एक्सपायरीचा वार बदलला तेव्हाचा. ऑगस्ट 2025 ची एक्सपायरी गुरुवारी 28 ला झाली आणि सप्टेंबरपासून मंगळवार सुरू झाला, म्हणून ती 30 सप्टेंबरला. मधे 33 दिवस. असे दिवस दर वेळी हातानेच टाका, महिना म्हणजे 30 असं धरू नका.

तेजीमंदी
दिवसांचं मान्य. पण प्रीमियम वितळतो हे तर खरं ना? मी रोज बघतो, महिन्याच्या सुरुवातीला फ्युचर स्पॉटच्या 120 वर असतो, एक्सपायरीला शून्य. मग स्प्रेड कसा कमी होणार नाही?

फोर्टमधला
चालू महिन्याचा प्रीमियम वितळतो हे बरोबर, पण पुढच्या महिन्याचाही तेवढाच वितळत असतो रोज. आज समजा नोव्हेंबर संपायला 10 दिवस आहेत आणि स्पॉट 26000, सहा टक्के धरा. नोव्हेंबरचा प्रीमियम 43 च्या जवळ. डिसेंबरला 45 दिवस, त्याचा 192. फरक 149-150. आता 10 दिवस जाऊ द्या, स्पॉट तिथेच ठेवा. नोव्हेंबरचा प्रीमियम शून्य, डिसेंबरचे 35 दिवस उरले त्याचे 150. फरक तोच. दोघांच्या अंगावरून तेच 10 दिवस गेले, त्यांच्यामधले 35 दिवस कुठे कमी झाले? ते 35 दिवस सुरू होतात नोव्हेंबर मेल्यावर, तोपर्यंत या जोडीला काळाचा घसारा नाही.

म्हणून या ट्रेडमधे नुसतं बसून काही मिळत नाही. स्प्रेड हलायचा तर व्याजाचा टक्का हलला पाहिजे, मधे डिव्हिडंड आला पाहिजे, नाहीतर रोल करणाऱ्यांपैकी कोणाला तरी घाई झाली पाहिजे.

तेजीमंदी
प्रॅक्टिकलमधे मी तरी शेवटच्या आठवड्यात स्प्रेड कमी होतानाच बघितलाय. पेपरवरचं वेगळं, स्क्रीनवरचं वेगळं.

फोर्टमधला
कमी होताना बघितला असेल, नाही म्हणत नाही. 2025 मधे बराच काळ एफआयआय इंडेक्स फ्युचरमधे जबरदस्त शॉर्ट होते. शॉर्टवाल्याला पोझिशन पुढे न्यायची तर चालू महिना विकत घ्यायचा आणि पुढचा विकायचा, दोन्ही ऑर्डर स्प्रेड आवळतात. लाँगवाला उलट करतो, चालू विकतो पुढचा घेतो, स्प्रेड ताणतो. म्हणजे तुम्ही बघितलेलं आवळणं त्या माणसांमुळे होतं, दिवस गेल्यामुळे नाही. गर्दी लाँगची असती तर त्याच शेवटच्या आठवड्यात रुंद झाला असता.

बोळातला_दलाल
हे ऐकून बदल्याचे दिवस आठवले. 2001 च्या जुलैपर्यंत बीएसईवर बदला चालायचा, शनिवारी बदल्याचं सेशन. तेजीवाले जास्त झाले आणि सौदा पुढे ढकलायला पैसे लावणारे कमी पडले की बदल्याचा भाव चढायचा. आणि मंदीवाले इतके झाले की शेअरच मिळेनात, तर उंधा बदला, म्हणजे मंदीवाल्यानेच उलटे पैसे द्यायचे. आता फ्युचर म्हणा स्प्रेड म्हणा, सौदा पुढे न्यायला कोण अडलंय त्यावर भाव ठरतो. फरक इतकाच की तेव्हा बदल्याचा भाव वेगळा ठरायचा आणि सगळ्यांना कळायचा, आता दोन किमतींच्या वजाबाकीतून काढावा लागतो.

वरणभात
काका मस्त. म्हणजे ओपन इंटरेस्ट बघून कळेल का लाँग रोल होतायत की शॉर्ट?

फोर्टमधला
नाही कळणार. प्रत्येक लाँगसमोर एक शॉर्ट आहे, नोव्हेंबरचं ओआय घटलं आणि डिसेंबरचं वाढलं म्हणजे दोघंही पुढे गेले इतकंच. टीव्हीवर रोलओव्हर 75 टक्के झालं, तेजी कायम वगैरे सांगतात त्यातून दिशा निघत नाही. घाई कोणाला होती ते त्या टक्क्यावरून दिसतं. रोल होत असताना 6.0 चा 6.6 झाला तर लाँगवाले अडलेत, 5.2 झाला तर शॉर्टवाले. तेजीमंदी म्हणतात तो तेजीचा सिग्नल इथपर्यंत अर्धा बरोबर आहे, पण टक्क्यात बघितला तर. पॉइंटमधे बघितला तर दर पाच आठवड्यांच्या महिन्यात खोटी तेजी दिसेल.

आणि याला वरून झाकण आहे. टक्का फार वर गेला की आर्बिट्राज फंड येतात, त्यांचं कामच ते, शेअर घेऊन फ्युचर विकायचं. त्यांना बाहेर लिक्विड फंडात जे मिळतं त्याच्यापेक्षा बरं मिळालं की ते माल टाकायला तयार. खाली मात्र तसं नाही. स्प्रेड स्वस्त झाला तर त्याचा फायदा घ्यायला निफ्टीचे 50 शेअर शॉर्ट करून फ्युचर घ्यायला हवं, आणि आपल्याकडे शेअर उधार मिळायचा एसएलबीचा बाजार पातळ. ज्याच्याकडे शेअर आधीच आहेत तोच ते करू शकतो. म्हणून मार्च 2020 सारख्या दिवसांत फ्युचर स्पॉटच्या खाली बराच काळ राहू शकतो, तो उचलून वर आणणारं कोणी नसतं.

हळदवाला_सांगली
आमच्याकडे तर हे व्याजाचं गणित अर्धंच चालतं बघा. हळदीच्या वायद्यात जवळचा आणि पुढचा यात व्याज, वखारीचं भाडं, घट हे सगळं धरून पुढचा महाग असायला हवा, आणि माल भरपूर असला की असतोही. पण जुना माल संपत आला आणि फेब्रुवारी-मार्चला नवीन येणार असला की पुढचा वायदा चक्क स्वस्त लागतो. मागे एकदा मी पण वरणभातसारखंच केलं होतं, पुढचा स्वस्त दिसला म्हणून घेतला, जवळचा विकला, म्हटलं फरक भरून येईल. आला नाही, अजून उलटा गेला, कारण जवळच्या महिन्यात डिलिव्हरीला माल लागत होता आणि तो कोणाकडे नव्हता.

फोर्टमधला
हळदीत शेतातली हळद आज आणता येत नाही ना, म्हणून तिथे खालच्या बाजूला तळच नाही. इंडेक्समधे टंचाई हा प्रकार नसतो, तिथे व्याज, डिव्हिडंड आणि रोलची घाई एवढंच. वरणभातचा प्रश्न त्यामानाने फार सभ्य आहे.

वरणभात
डिव्हिडंडचं जरा सांगा. माझ्या शीटमधे जून-जुलैचा फरक 35 दिवसांचा असून कमी दिसतोय. कॅलेंडरप्रमाणे 26 जून ते 31 जुलै, बरोबर पाच आठवडे.

फोर्टमधला
बरोबर आहे तुमची शीट. बऱ्याच कंपन्यांचे फायनल डिव्हिडंड जून ते ऑगस्टमधे एक्स होतात. शेअर एक्स झाला की तेवढा खाली येतो, त्याच्याबरोबर निफ्टी खाली येतो, आणि फ्युचर धरणाऱ्याला डिव्हिडंड मिळत नाही. मग तो पुढच्या महिन्याला तेवढे पैसे कमीच देणार. यात महत्त्वाचं एवढंच की एक्स डेट दोन एक्सपायरींच्या मधे पडली पाहिजे. चालू एक्सपायरीच्या आधी पडली तर दोन्ही महिन्यांतून सारखीच वजा होते, स्प्रेडला काही होत नाही.

समजा 25000 निफ्टी, सहा टक्के, 35 दिवस, 144 पॉइंट व्याज. मधल्या एक्स डेटचे सगळे मिळून समजा 60 पॉइंट. स्प्रेड उरला 84. तुमच्या फॉर्म्युल्यात हा साडेतीन टक्के दिसेल आणि वाटेल शॉर्टवाल्यांनी धुमाकूळ घातलाय. आधी डिव्हिडंड मिळवून घ्या मग टक्का काढा. नोव्हेंबर-डिसेंबरमधे निफ्टीत डिव्हिडंड किरकोळ, म्हणून आत्ताचा आकडा स्वच्छ आहे.

एकेका शेअरमधे हे जास्त ठळक दिसतं. 400 चा शेअर, 7 रुपये डिव्हिडंड, एक्स डेट दोन एक्सपायरींच्या मधे, 28 दिवस. व्याज 1 रुपया 84 पैसे. वजा 7. पुढचा महिना चालू महिन्यापेक्षा पाच रुपये सोळा पैशांनी खाली लागला पाहिजे. हे बघून दर वर्षी कोणीतरी विचारतं की पुढचा महिना स्वस्त मिळतोय, घेऊ का.

थीटावाली
पण डिव्हिडंड आला की एक्सचेंज स्ट्राइक आणि फ्युचरचा भाव ऍडजस्ट करतं ना? मी ऑप्शनमधे बघितलंय, स्ट्राइक विचित्र पॉइंटमधे येतात.

फोर्टमधला
मोठा असला तरच. शेअरच्या भावाच्या 2 टक्के किंवा जास्त असेल तर ऍडजस्ट होतो, त्याखालचा नाही. वरचं उदाहरण मुद्दाम 7 रुपयांचं घेतलं, पावणेदोन टक्के. तोच 9 रुपये असता तर ऍडजस्ट झाला असता आणि स्प्रेड परत व्याजाएवढा, पावणेदोन रुपयांच्या पुढे. म्हणून बोर्ड मीटिंगच्या दिवशी, डिव्हिडंड 2 टक्क्यांच्या अलीकडे की पलीकडे हे नक्की होताना, असा स्प्रेड एका उडीत बदलतो. कॅलेंडरमधे रिस्क नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा लाइव्ह बघावं.

मुलुंडकर
मी एवढंच म्हणतो की खर्च कोणी मोजला का? ऑक्टोबर 2024 पासून फ्युचर विकताना एसटीटी 0.02 टक्के. स्प्रेडमधे तुम्ही दोनदा विकता, आज डिसेंबर विकणार आणि नंतर निघताना नोव्हेंबर विकणार. 26000 ला एका विक्रीचे 5.2 पॉइंट, दोन मिळून 10.4. लॉटला 780 रुपये फक्त एसटीटी, ब्रोकरेज, एक्सचेंजचे चार्जेस, स्टँप, जीएसटी वेगळे. वर चार वेळा बिड-आस्क ओलांडणार. म्हणजे साधारण 12-15 पॉइंट हलल्याशिवाय तुमच्या हातात शून्य.

वरणभात
बाप रे. आणि टक्का किती हलला की 12-15 पॉइंट होतात?

फोर्टमधला
या 35 दिवसांच्या जोडीत एक टक्का म्हणजे 25 पॉइंट. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आरबीआयची पॉलिसी आहे, त्यात पाव टक्का कमी झाला तरी सहा पॉइंट, तोही बाजाराने आधीच धरला नसेल तर. आणि तोपर्यंत तुमचा नोव्हेंबर संपलेला असेल. तुमच्यासारख्या रिटेलला यात कमवायचं तर अर्ध्या टक्क्याच्या वरची चूक पकडता आली पाहिजे, आणि आत्ता 6.02 आहे, त्यात चूकच नाही.

तेजीमंदी
निफ्टीच दोन टक्के पडला तर?

फोर्टमधला
तर स्प्रेडही फक्त दोन टक्के पडेल, 150 चे 147. नुसत्या पडण्याने एवढंच. घबराटीत लोकांनी पुढचा महिना विकला तर ती घाई झाली, ती वेगळी मोजायची.

वरणभात
एक्सपायरीच्या दिवशीपर्यंत ठेवलं तर? मी वाचलंय की शेवटच्या दिवशी स्प्रेड वेडावाकडा होतो, तेव्हा संधी मिळते म्हणे.

फोर्टमधला
वेडावाकडा दिसतो, पण त्याला स्प्रेड म्हणू नका. चालू महिना सेटल होतो तो निफ्टीच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर. तीन वाजल्यापासून ती सरासरी साठत जाते. सव्वातीनला अर्धी सरासरी ठरून गेलेली असते, त्यानंतर निफ्टी झटकन 80 पॉइंट वर गेला तरी नोव्हेंबर फार तर 40 हलणार, आणि डिसेंबर पूर्ण 80 हलणार. स्क्रीनवर तुमचा स्प्रेड 150 चा 190 झालेला दिसेल. टक्का वगैरे काही बदललेलं नसतं, तुमचा एक पाय गोठलाय आणि दुसरा उघडा आहे. तुम्ही डिसेंबर विकलेला असेल तर तो सरळ मंदीचा सौदा झाला.

त्यात फेब्रुवारी 2025 पासून सेबीने इंडेक्समधे एक्सपायरीच्या दिवशी कॅलेंडर स्प्रेडचा मार्जिन फायदा काढून घेतलाय. आदल्या दिवशीपर्यंत दोन्ही मिळून कमी मार्जिन लागतं, त्या दिवशी संपणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला ती सवलत नाही. खात्यात जागा नसेल तर ब्रोकरच सकाळी एक पाय कापून टाकेल.

मुलुंडकर
माझ्या ओळखीत एकाचं नेमकं हेच झालं, ब्रोकरने नोव्हेंबरसारखा जवळचा पाय कापला आणि पुढचा तसाच उघडा राहिला. शेअर फ्युचर असेल तर अजून एक, तिथे 2019 पासून सगळं डिलिव्हरीने सेटल होतं, शेवटच्या काही दिवसांत ब्रोकर मार्जिन वाढवत नेतात. त्या दिवसांत जवळचा महिना लोक पडेल त्या भावाला सोडतात, त्यानेही फरक हलतो.

तेजीमंदी
हे आर्बिट्राज फंडवाले रोल कधी करतात? ते शॉर्टच असतात म्हणजे त्यांनी रोल केला की स्प्रेड आवळणार. आदल्या आठवड्यात करतात की शेवटच्या दोन दिवसांत?

फोर्टमधला
माझा अनुभव आठवडाभर आधीपासून थोडं थोडं, कारण त्यांना रुंद स्प्रेड मिळेल तेव्हा द्यायचा असतो आणि शेवटपर्यंत थांबायची गरज नसते.

बोळातला_दलाल
मला नाही पटत. मोठ्या फंडांकडे इतका माल असतो की तो शेवटच्या तीन दिवसांवर ढकलला जातोच, आणि काही जण मुद्दाम थांबतात की लाँगवाला अडेल तेव्हा जास्त भाव मिळेल. आमच्या ऑफिसमधून दिसायचं ते असंच होतं.

तेजीमंदी
दोघांचं ऐकून मी यावेळी रोज तीन वाजता टक्का टिपून ठेवतो, बघू.

वरणभात
ट्रेड टाकत नाहीये. पण एक शेवटचं, मी तोच फॉर्म्युला डिसेंबर-जानेवारीला लावला. 30 डिसेंबर ते 27 जानेवारी, 28 दिवस, म्हणजे 120 च्या आसपास यायला हवा. माझ्या स्क्रीनवर कधी 95 येतो, दहा मिनिटांनी 140. टक्क्यात पावणेपाच ते सात. ही तर चूक आहे ना? अर्ध्या टक्क्यापेक्षा कितीतरी मोठी.

फोर्टमधला
तुम्ही एलटीपी वजा करताय ना? जानेवारीत आत्ता सौदेच तुरळक. त्याचा शेवटचा सौदा दहा मिनिटांपूर्वीचा असेल आणि डिसेंबरचा आत्ता या सेकंदाचा, मधे निफ्टी 25 पॉइंट हलला की तेवढा खोटा स्प्रेड तयार झाला. एलटीपी सोडा. विकायचा असेल तर जानेवारीची बिड वजा डिसेंबरची आस्क, घ्यायचा असेल तर जानेवारीची आस्क वजा डिसेंबरची बिड, दोन्ही एकाच क्षणी वाचलेले. हे दोन आकडे शीटमधे शेजारी शेजारी टाका. एक्सचेंजकडे स्प्रेडचं स्वतंत्र ऑर्डर बुक असतं, ज्यात थेट फरकाचाच भाव लावता येतो, पण रिटेल ऍपमधे ते बहुतेक ठिकाणी दिसत नाही, ब्रोकरला विचारून बघा.

वरणभात
टाकले. विकायला 108, घ्यायला 131.

मुलुंडकर
आणि त्यातून 10.4 एसटीटी.

वरणभात
हो हो, तो कॉलम पण आलाय आता.